काका पैसे घेत नाहीत, मग पैसे जातात कुठे?

*मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ३८. तीन वर्षांपूर्वी गावाकडचा प्लॉट विकून माझ्या वाट्याला आलेले सात लाख नात्यातल्या एका काकांच्या सांगण्यावरून म्युच्युअल फंडाच्या इक्विटी योजनेत टाकले. आज त्याचे दहा लाख झालेत. निवृत्तीपर्यंत, म्हणजे वीस वर्षं, त्याला हात लावायचा नाही असं ठरवलंय. आता काकांकडूनच महिना पाच हजारांची एसआयपी सुरू करायची आहे. पण शाळेतले एक सर म्हणाले, "तुमचा रेग्युलर प्लॅन आहे, खर्च १.८ टक्के. त्याच योजनेच्या डायरेक्ट प्लॅनला ०.९ टक्केच लागतो." काका म्हणतात, फंड बारा टक्के देतो, त्यातला एखादा टक्का गेला तर काय बिघडलं? शिवाय काकांनी माझ्याकडून आजवर एक रुपया घेतलेला नाही. मी हिशोब केला : दहा लाखांचे ०.९ टक्के म्हणजे नऊ हजार, वीस वर्षांचे एक लाख ऐंशी हजार. एवढ्यासाठी नात्यात वाकडेपणा घ्यावा का? यजमान म्हणतात, नको.*

ताई, नात्याकडे नंतर येऊ. आधी तुमचा एक लाख ऐंशी हजारांचा आकडा पाहू, कारण तुम्ही आणि यजमान निर्णय घेताय तो त्या आकड्यावर, आणि तो बराच कमी आहे. गुणाकार तुमचा बरोबर आहे. पण त्यात असं धरलंय की वीस वर्षं रक्कम दहा लाखच राहील आणि गेलेल्या नऊ हजारांनी पुढे काहीच कमावलं नसतं. दोन्ही गोष्टी तशा नाहीत.

हा खर्च कापला कसा जातो ते सांगते. वर्षाअखेरीला कुणी तुमच्या खात्यातून १८ हजार उचलत नाही. फंड रोज संध्याकाळी युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, जाहीर करतो. तो जाहीर करण्याआधीच वार्षिक खर्चाचा ३६५वा हिस्सा योजनेच्या एकूण रकमेतून वजा झालेला असतो. तुमच्या दहा लाखांवर १.८ टक्के म्हणजे दिवसाला साधारण ४९ रुपये. बाजार चढला त्या दिवशीही ४९, पडला त्या दिवशीही जवळपास तेवढेच, आणि रविवारचेही. तुमच्या पत्रकात ही वजाबाकी कुठल्याही ओळीत दिसत नाही. दिसतो तो वजा होऊन उरलेला भाव. काकांनी रुपया घेतला नाही असं तुम्हाला वाटतं ते यामुळेच. त्या ४९ रुपयांतले २५च्या आसपास रुपये रेग्युलर, म्हणजे विक्रेत्यामार्फत घेतलेल्या, प्लॅनचे जादाचे आहेत, विक्रेत्याविना घेतलेल्या डायरेक्टमध्ये ते लागत नाहीत, आणि त्यांतला बहुतेक भाग फंड कंपनी विक्रेत्याला, म्हणजे काकांना, दलाली म्हणून देते. काका खोटं बोलत नाहीत. ते तुमच्या हातून घेत नाहीत, एवढंच.

इथेच काकांच्या "बारा टक्क्यांतून एक गेला" या वाक्याचंही पाहून घेऊ. फंडाच्या जाहिरातीत किंवा ॲपवर जो परतावा दिसतो तो एनएव्हीवरून काढलेला असतो, म्हणजे खर्च वजा जाता. रेग्युलर प्लॅनने बारा टक्के दिले असं दिसत असेल तर त्यातून पुन्हा काही वजा करायचं नाही. उलट त्याच काळात डायरेक्ट प्लॅनने तेराच्या जवळ दिलेले असणार. ही चूक दोन्ही बाजूंनी होते. काही जण खर्च दोनदा वजा करून घाबरतात, काही जण तो अजून वजा व्हायचाय असं समजून "किरकोळ आहे" म्हणतात.

आता वीस वर्षांचं गणित. खर्च निघण्याआधी योजनेतले शेअर वर्षाला १२ टक्क्यांनी वाढतात असं धरू. हे फक्त धरलेलं आहे, कुणी हमी देत नाही. खर्च शून्य असता तर तुमच्या दहा लाखांचे वीस वर्षांनी साधारण ९६ लाख ५० हजार झाले असते. ०.९ टक्के खर्चाच्या डायरेक्टमध्ये ते सुमारे ८० लाख ५० हजार होतात. १.८ टक्क्यांच्या रेग्युलरमध्ये ६७ लाख. डायरेक्ट आणि रेग्युलरमधला फरक १३ लाख ४० हजारांच्या घरात जातो. आज तुमच्याकडे आहे त्या सगळ्या रकमेपेक्षा जास्त.

एक लाख ऐंशीचे तेरा लाख चाळीस कसे झाले? पहिल्या वर्षाचे नऊ हजार घ्या. ते डायरेक्टमध्ये तुमच्याकडेच राहिले असते तर उरलेल्या १९ वर्षांत त्यांचे ६५ हजार झाले असते. म्हणजे पहिल्या वर्षी गेले ते खरं तर ६५ हजार, फक्त ते तुम्हाला वीस वर्षांनी कळतं. दुसरी गोष्ट, टक्केवारी तीच राहिली तरी रुपये वाढत जातात. दहाव्या वर्षी रेग्युलरमधली तुमची रक्कम २६ लाखांच्या आसपास असेल, तेव्हा ते ०.९ टक्के म्हणजे २३ हजारांहून जास्त. विसाव्या वर्षी ६० हजार. वीस वर्षांत प्रत्यक्ष कापले गेलेले जादाचे रुपये जोडले तर पाच-साडेपाच लाख होतात. उरलेले आठ लाख म्हणजे त्या कापलेल्या रुपयांनी जे कमावलं असतं आणि कमावलं नाही, ते. चक्रवाढ व्याज आपण मुलांना शिकवतो तेव्हा ते नेहमी आपल्या बाजूने चालतं असं गृहीत धरतो. खर्चालाही तेच सूत्र लागू आहे.

यात एक गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते, आणि ती सहसा कुणी सांगत नाही. बारा टक्क्यांच्या जागी तुम्ही आठ धरा, पंधरा धरा, शेवटची रक्कम बदलेल. पण एकरकमी गुंतवणुकीत खर्चाने खाल्लेला हिस्सा बदलत नाही. दरवर्षी १०० पैकी ९८.२ उरतात, असं वीस वेळा केलं की १०० पैकी ६९.५ उरतात. १.८ टक्के खर्च वीस वर्षांनी शेवटच्या रकमेतले तीस टक्के घेऊन गेलेला असतो, बाजार कसाही चालो. ०.९ टक्के असेल तर साडेसोळा टक्के. तुमचा परतावा अंदाज आहे. खर्च अंदाज नाही.

थोडं पाणीही ओतते, नाहीतर तुम्ही आजच रागाने फॉर्म भराल. तेरा लाख चाळीस हजार हे वीस वर्षांनंतरचे रुपये आहेत. महागाई सहा टक्के धरली तर आजच्या पैशात ते सव्वाचार लाखांच्या जरा खाली येतात. ही रक्कम लहान नाही, पण "तेरा लाख बुडाले" अशी आरोळी ठोकण्यासारखीही नाही. काकांशी बोलताना हाच आकडा डोक्यात ठेवा.

आणि काकांवर राग धरण्याआधी हेही बघा की ही व्यवस्था त्यांनी बनवलेली नाही. ऑगस्ट २००९पर्यंत इक्विटी फंडात पैसे टाकताना साधारण सव्वादोन टक्के प्रवेशशुल्क आधीच कापून घेतलं जायचं. दहा लाखांचा धनादेश दिला की २२ हजार ५०० गेले, हे पत्रकात दिसायचं. लोक त्यावरून भांडायचे, काही विक्रेते थोडे पैसे परतही द्यायचे. त्याच्या जोडीला थोडी वार्षिक दलाली असायचीच, पण डोळ्यांत भरायचं ते सुरुवातीचं शुल्क. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने १ ऑगस्ट २००९पासून ते बंद केलं. ते एकदाच लागायचं, म्हणून वीस वर्षांनीही त्याचा फटका शेवटच्या रकमेच्या सव्वादोन टक्केच राहायचा. तुमच्या बाबतीत दरवर्षी ०.९ टक्के जादा जातात, आणि वीस वर्षांनी डायरेक्टच्या तुलनेत रक्कम १७ टक्क्यांनी कमी भरते. पण याच्यावरून कुणी भांडत नाही, कारण दिसत नाही.

डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३पासून सुरू झाले. शेअर तेच, फंड मॅनेजर तोच, फक्त मधला विक्रेता नाही. तुमच्या योजनेचे दोन्ही भाव शेजारी ठेवून बघा, ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर रोजचे मिळतात. डायरेक्टचा भाव जास्त दिसेल. २०१३च्या सुरुवातीला जुन्या योजनांचे हे दोन भाव जवळपास सारखेच होते. मधली दरी ही वर्षानुवर्षांच्या दलालीची साठलेली बेरीज आहे. खर्चातला फरक सतत ०.९ टक्के राहिला असेल तर बारा वर्षांत डायरेक्टच्या १०० रुपयांसमोर रेग्युलरचे ९० रुपयांच्या किंचित खाली असतील. माझ्या आकडेमोडीवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे स्वतः पाहिलेलं बरं.

दुसरी जागा याहून थेट आहे. फंडाकडून दर सहा महिन्यांनी ईमेलवर जे एकत्रित पत्रक येतं, ज्याचा पासवर्ड बहुधा तुमचा पॅन असतो आणि जे आपण सगळे न उघडता ठेवून देतो, त्यात तुमच्या गुंतवणुकीवर विक्रेत्याला त्या सहामाहीत किती दलाली मिळाली ते रुपयांत लिहिलेलं असतं. मागचं पत्रक शोधा आणि तो आकडा वाचा. कर वगैरे धरून तो चार-साडेचार हजारांच्या आसपास निघाला तर सरांचं म्हणणं खरं. बराच कमी निघाला तर दोन्ही प्लॅनचा आजचा खर्च फंडाच्या संकेतस्थळावर पुन्हा तपासा, तो बदलत राहतो.

आता काकांकडे येऊ. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये : काका तुमच्यासाठी करतात काय? मी हे टोमणा म्हणून विचारत नाही. जानेवारी २०२०मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या घरात होता, २३ मार्चला तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्या आठवड्यात घाबरून सगळं विकणाऱ्यांनी जे गमावलं त्यापुढे कित्येक वर्षांची दलाली काहीच नाही. अशा वेळी फोन करून "थांब, विकू नकोस" म्हणणारा माणूस ज्यांच्याकडे होता, त्यांना तो स्वस्तात पडला. काका तसे असतील, नॉमिनीपासून पत्ता बदलण्यापर्यंतची कामं करत असतील, निवृत्ती जवळ आल्यावर पैसे हळूहळू कमी जोखमीकडे वळवायला ते बसणार असतील, तर त्यांना मोबदला मिळायलाच हवा. प्रश्न एवढाच की तो किती आणि कसा. आज वर्षाला नऊ हजार. विसाव्या वर्षी ६० हजार. काम मात्र पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त असतं आणि नंतर कमी होत जातं. शिवाय गेल्या तीन वर्षांत योजना निवडून दिल्यानंतर काकांनी तुमच्या पैशांविषयी एकदाही विषय काढला नसेल, तर उत्तर तुम्हाला माहीत आहे.

यजमानांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. रक्कम पन्नास हजार असती तर वर्षाला साडेचारशे रुपयांसाठी मीही म्हटलं असतं, राहू दे, दिवाळीला काकांकडे जायचंय. पण दहा लाख आणि वीस वर्षं ही वेगळी गोष्ट आहे. आणि "सगळं काढून घेते" किंवा "काहीच करत नाही" असे दोनच मार्ग नाहीत.

मी तुमच्या जागी असते तर आधी नवीन एसआयपी थेट डायरेक्टमध्ये सुरू केली असती. यात काही मोडायचं नाही, कर नाही, काकांचं चालू उत्पन्न कमी होत नाही. महिना पाच हजार, वीस वर्षांत भरले जाणार १२ लाख, आणि तेच १२ टक्के व तेच खर्च धरले तर डायरेक्टमध्ये ४० लाखांच्या थोडं वर, रेग्युलरमध्ये ३६ लाख. इथे फरक अकरा टक्क्यांचा, एकरकमीपेक्षा कमी, कारण शेवटच्या वर्षांतल्या हप्त्यांना खर्च खायला वेळच मिळत नाही. फंडाच्या संकेतस्थळावरून किंवा एमएफ सेंट्रल या सगळ्या फंडांच्या सामाईक पोर्टलवरून हे करता येतं. कागदी फॉर्म भरणार असाल तर विक्रेत्याच्या एआरएन, म्हणजे नोंदणी, क्रमांकाची चौकट असते, तिथे "डायरेक्ट" लिहायचं, कोरी सोडायची नाही. योजनेच्या नावात "डायरेक्ट" आणि "ग्रोथ" हे दोन्ही शब्द आहेत ना ते पावतीवर वाचा. फुकट म्हणवणारी काही ॲप आणि बँकांची पोर्टल तुम्हाला रेग्युलरमध्येच टाकतात.

जुने दहा लाख हलवायचे तर जरा सबुरीने. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे कायद्याच्या नजरेत विकून पुन्हा घेणं, योजना तीच असली तरी. तुमचा नफा तीन लाख आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यातला वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा भाग करमुक्त, वरच्यावर साडेबारा टक्के. सगळं एकदम हलवलंत तर पावणेदोन लाखांवर कर, चार टक्के उपकर धरून २२ हजार ७५०. त्याऐवजी अर्धे युनिट मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये हलवले तर दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते. प्रत्येक वेळी नफा दीड लाख, करपात्र २५ हजार, कर ३ हजार २५०. दोन्ही मिळून साडेसहा हजार, म्हणजे एका वर्षाच्या वाचलेल्या खर्चाहून कमी. त्या वर्षांत दुसरे शेअर किंवा फंड विकून नफा झालेला नसेल हे मात्र धरलंय. आणि हा कर अगदीच वाया जात नाही, कारण नव्या युनिटांची खरेदी-किंमत आजच्या भावाची होते, तेवढा शेवटचा कर कमी होतो.

तुमच्यासारखाच प्रश्न असलेल्या पण वेगळी गुंतवणूक असलेल्या वाचकांनी इथे दोन ठिकाणी थांबावं. एक, ईएलएसएस, म्हणजे करबचतीची फंड योजना, असेल तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तो हलत नाही, आणि हलवल्यावर नवी तीन वर्षं लागतात. दोन, एसआयपीचे हप्ते वर्षाच्या आतले असतील तर बऱ्याच योजनांत एक टक्का निर्गमन शुल्क लागतं आणि करही जास्त, २० टक्के. जुने हप्ते आधी हलवावेत, नवे वर्षभर तसेच ठेवावेत. युनिट विकताना जुने आधी धरले जातात, त्यामुळे हे आपोआप जमतं.

काकांना हे पत्रकातून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. "एसआयपी मी स्वतः ऑनलाइन करून बघतेय" हे वाक्य सोपं आहे आणि खरंही आहे. जुन्या पैशांबद्दल बोलताना त्यांच्या सल्ल्याची गरज वाटत असेल तर वर्षाची ठरावीक रक्कम देऊ का, असं विचारून बघा. नात्यात हे अवघड वाटलं तर सेबीकडे नोंदणी असलेला, ठरावीक फी घेणारा गुंतवणूक सल्लागार वर्षातून एकदा गाठा. तो तुमच्याकडून फी घेतो आणि त्याच गुंतवणुकीवर फंडाकडून दलाली घेऊ शकत नाही. काही हजार रुपयांचं बिल हातात पडेल, ते टोचेलही, पण निदान किती दिले ते दिसेल. आणि हे सगळं वाचूनही एकटीने बाजार पडलेला बघण्याची धास्ती वाटत असेल, तर जुने पैसे काकांकडेच ठेवा, फक्त नवे डायरेक्टमध्ये घाला. तोही शहाणपणाचा निर्णय आहे.

हलवाल तेव्हा नंतरच्या पत्रकात युनिट कमी झालेले दिसतील. घाबरून शाखेत धावू नका. डायरेक्टचा भाव जास्त म्हणून युनिट कमी, कर आणि त्या एक-दोन दिवसांतली बाजाराची हालचाल सोडली तर रक्कम तीच. युनिटांचा आकडा न बघता रुपयांचा बघा. आणि हलवलेल्या पैशांना पुढचं एक वर्ष हात लावू नका, कारण निर्गमन शुल्काचं आणि कराचं घड्याळ त्या दिवसापासून नव्याने सुरू झालेलं असतं.